सुजलेला चेहरा आणि घाईचं इंजेक्शन: ऊर्ध्व महाशिरा दबलेल्या एका रुग्णाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सविता (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) बीड जिल्ह्यातली, वय सव्वीस, एक मुलगा. दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर उसतोडीला जायचं, मार्च-एप्रिलला परत यायचं, हे लग्नापासूनचं. त्या हंगामातही टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात एका कारखान्याच्या हद्दीत ते कोपी टाकून होते.

सुरुवात सकाळच्या सुजेपासून झाली. झोपून उठल्यावर डोळ्यांच्या पापण्या जड, चेहरा भरलेला, दुपारपर्यंत बराच उतरायचा. टोळीतल्या बायका म्हणाल्या, थंडी बाधली असेल. पण ऊस तोडायचा म्हणजे दिवसभर बुडख्याशी वाकायचं, आणि वाकलं की तिचा त्रास वाढत होता. पुढे मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत जाताना धाप लागायला लागली. मुकादमाने जवळच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ॲलर्जी म्हणून एक इंजेक्शन आणि छोट्या पांढऱ्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याच दिवशी सूज उतरली आणि सविता फडात परत गेली, कारण खाडा पडला की पैसे कापले जातात. आठवड्याने सूज पुन्हा आली, पुन्हा इंजेक्शन. असं तीन वेळा झालं.

त्या गोळ्यांची पाकिटं नवऱ्याने खिशात जपून ठेवली होती. ती डेक्सामेथासोनची, म्हणजे स्टिरॉइडची होती. हा तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरला. मला मात्र तो दुसऱ्या दिवशी कळला, कारण पहिल्या दिवशी मी विचारलंच नाही.

जानेवारीत टोळी सोडून ते गावी आले आणि एका सोमवारी संध्याकाळी आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात.

पहिल्या रात्री काय दिसलं, काय चुकलं

"डाक्टर, वाकलं की डोस्कं फुटल्यावानी व्हतंय," हे तिचं पहिलं वाक्य. त्या रात्री ड्युटीवर असलेल्या आमच्या तरुण सहकाऱ्याने सुजलेला चेहरा आणि धाप पाहून ॲलर्जी धरली आणि डेक्सामेथासोनचे ८ मिलिग्रॅम शिरेतून दिले. मी घरी होतो. फोनवर मला विचारलं, मी हो म्हणालो. म्हणजे चौथं इंजेक्शन आमचं.

सकाळी नीट पाहिलं. चेहरा आणि मान सुजलेली, पाय मात्र कोरडे, घोट्यावर बोट दाबलं तर खळगा नाही. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या सुजेत सहसा पाय असे मोकळे राहत नाहीत. लघवीत प्रथिनं नव्हती, क्रिएटिनिन ठीक होतं. गळ्यातली काळी पोत कातडीत रुतली होती आणि हातातल्या बांगड्या मनगटावर फिरत नव्हत्या. बसलेल्या अवस्थेतही मानेच्या शिरा टम्म होत्या. पदर थोडा सरकवल्यावर गळपट्टीच्या हाडाखालून छातीवर निळ्या बारीक शिरांचं जाळं उतरलेलं दिसलं. मी तिला दोन्ही हात डोक्यावर उचलायला सांगितले. मिनिटभरात चेहरा जांभळट झाला, ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." हात वर असतानाही तळहातामागच्या शिरा रिकाम्या होत नव्हत्या.

मग निदानाची दिशा स्पष्ट झाली. डोकं, मान, हात आणि छातीचा वरचा भाग इथलं अशुद्ध रक्त एका मोठ्या शिरेतून हृदयात उतरतं. तिला ऊर्ध्व महाशिरा म्हणतात, आम्ही बोलताना एसव्हीसी म्हणतो. तिची भिंत पातळ, आतला दाब कमी, आणि ती छातीच्या मध्यभागी लसिका ग्रंथींच्या आणि उजव्या श्वासनलिकेच्या शेजारी असते. शेजारी काही वाढलं की पहिली दबते ती हीच. रक्त अडलं की ते छातीवरच्या आणि पाठीच्या शिरांतून आडवाटेने खाली जायला बघतं. ते निळं जाळं म्हणजे तीच आडवाट. वाकल्यावर किंवा आडवं झाल्यावर डोक्याकडचा दाब आणखी वाढतो, म्हणून सकाळची सूज आणि बुडख्याशी वाकल्यावरचं ते डोकं फुटणं. हे अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या विल्यम हंटर यांनी वर्णन केलं, त्यांच्या रुग्णात कारण सिफिलिसने फुगलेली महाधमनी होतं. आज बहुतेक वेळा कारण कर्करोग असतं, आणि त्यातही फुफ्फुसाचा कर्करोग आणि लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग, ही दोन मुख्य नावं.

छातीच्या एक्स-रेत मध्यभागाची सावली दोन्ही बाजूंना रुंद होती. आपल्याकडे अशी सावली दिसली की पहिला शब्द टीबी येतो. टीबीच्या गाठीही शीर दाबू शकतात, पण इतकी मोठी गाठ, ताप नाही, आणि एवढी पक्की अडचण असताना केवळ एक्स-रेवर टीबीचं औषध सुरू करणं मला पटलं नाही.

दुपारी सीटी स्कॅन. सविताला आडवं झोपता येईना. स्कॅनच्या टेबलावर पाठीखाली उतरती उशी देऊन, ऑक्सिजन लावून, सगळी तयारी आधी करून काही सेकंदांत काम उरकलं. छातीच्या पुढच्या मध्यभागात सुमारे ११ सेंटिमीटरची गाठ होती. एसव्हीसी एका फटीसारखी उरली होती. आत रक्ताची गुठळी नव्हती. श्वासनलिका जरा एका बाजूला ढकलली होती, पण मोकळी होती. हृदयाभोवती थोडं पाणी होतं.

खरी अडचण

निदान झालं होतं म्हणायचं, पण अर्धंच. शीर कशाने दबली आहे हे कळल्याशिवाय उपचार ठरत नाही, आणि ती कशाने दबली हे फक्त गाठीचा तुकडा सांगतो. या वयात, या जागी चार-पाच शक्यता होत्या: लिम्फोमा, थायमसची गाठ, जननपेशींची गाठ, टीबी. प्रत्येकाचा उपचार वेगळा. जननपेशींच्या गाठीसाठी रक्तातलं एएफपी आणि बीटा-एचसीजी पाहिलं. दोन्ही नॉर्मल होतं, गरोदरपणही नाही हे त्यातच कळलं. एलडीएच बरंच वाढलेलं होतं.

मी छत्रपती संभाजीनगरच्या माझ्या कॅन्सरतज्ज्ञ मित्राला फोन लावला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "स्टिरॉइड गेलंय का?" मी पाकिटं मोजली आणि आमचं इंजेक्शन सांगितलं. पलीकडे दोन क्षण शांतता. मग म्हणाला, "चल, पाठव. पण आता थेंबभरही देऊ नकोस."

कारण असं. लिम्फोमाच्या पेशींना स्टिरॉइड विषासारखं लागतं. त्या काही तासांत मरायला लागतात. सूज उतरते, रुग्णाला बरं वाटतं, आणि मग सुई घातली की हाती लागतात मेलेल्या, चुरडलेल्या पेशी, ज्यांना पॅथॉलॉजिस्ट नाव देऊ शकत नाही. ऊस फडातल्या त्या तीन इंजेक्शनांनी सूज उतरणं हाच खरं तर एक धागा होता. फुफ्फुसाच्या कर्करोगात स्टिरॉइडने सूज इतकी पटकन उतरत नाही.

तिला संभाजीनगरला हलवलं. अँब्युलन्समध्ये डोकं वर, बसल्यासारखं ठेवून. सलाईनची सुई हातात न घालता पायात. अडलेल्या शिरेच्या वर औषध टाकलं तर ते तिथेच रेंगाळतं, सूज वाढते, गुठळीची भीती. ही साधी गोष्ट आहे, पण आमच्याही परिचारिकेने आधी उजव्या हातात सुई घातली होती.

बुधवारी अल्ट्रासाऊंडखाली छातीच्या हाडाच्या कडेने, जागा बधिर करून, रुग्ण ४५ अंशांत बसलेली असताना जाड सुईने तुकडे घेतले. भूल देऊन शस्त्रक्रियेने गाठ घेण्याचा विचारही कोणी केला नाही. अशा रुग्णाला पूर्ण भूल दिली की स्नायू ढिले पडतात, गाठीचा भार श्वासनलिकेवर आणि हृदयावर येतो, आणि नळी टाकूनही हवा आत जाईनाशी होऊ शकते. शुक्रवारी रिपोर्ट: मेलेल्या पेशी, चुरडलेल्या लसिका पेशी, निष्कर्ष काढता येत नाही.

स्टिरॉइडमुळेच असं झालं, की सुई गाठीच्या मधल्या सडलेल्या भागात गेली म्हणून, हे ठामपणे सांगता येत नाही. बहुधा दोन्ही.

कोणते पर्याय होते

शुक्रवारी संध्याकाळी सविता बसूनच झोपत होती. ऑक्सिजनशिवाय ९२ टक्के. डोकं दुखत होतं, पण बोलणं स्वच्छ, शुद्ध पक्की. नवरा एकच विचारत होता, "साहेब, आता औषध कधी चालू?" त्याला तुकडा, रिपोर्ट, स्टिरॉइड यांचा काय अर्थ! त्याच्या डोळ्यांसमोर बायकोचा चेहरा रोज फुगत होता.

पहिला पर्याय: निदानाशिवाय किरणोपचार किंवा स्टिरॉइड सुरू करायचं. पूर्वी असंच करत. एसव्हीसी दबली की रातोरात किरणं. आता तसं सहसा करत नाहीत, कारण बहुतेक रुग्ण आठवड्यांपासून या स्थितीत असतात आणि दोन-चार दिवसांनी काही बिघडत नाही. उलट किरणांनीही तुकडा बिघडतो. या पर्यायाने सविताला आठवडाभर बरं वाटलं असतं आणि मग कोणता केमो द्यायचा, याचा अंदाज बांधत बसावं लागलं असतं. सव्वीस वर्षांच्या, बरा होण्याजोगा आजार असू शकणाऱ्या बाईच्या बाबतीत हे मला सगळ्यात महागडं वाटतं.

दुसरा पर्याय स्टेंट. जांघेतल्या शिरेतून तार वर नेऊन दबलेल्या जागी धातूची जाळी उघडायची. सूज काही तासांत ते दोन-तीन दिवसांत उतरते, बहुतेकांची उतरतेच, आणि तुकड्याला धक्का लागत नाही. वेळ विकत घ्यायचा असेल तर हा उत्तम उपाय. पण जाळी सरकू शकते, तिच्यात गुठळी होऊ शकते, क्वचित शीर फाटून हृदयाभोवती रक्त साचतं. सविताच्या हृदयाभोवती आधीच थोडं पाणी होतं. आणि लिम्फोमा असेल तर गाठ औषधाने आठवड्याभरात आकसते. मग त्या तरुण छातीत जाळी कायमची राहणार, निष्कारण.

तिसरा पर्याय थांबायचा. स्टिरॉइड पूर्ण बंद, डोकं वर, ऑक्सिजन, आणि गाठीतल्या जिवंत पेशींना पुन्हा वाढू देऊन काही दिवसांनी दुसरी सुई. यात धोका सरळ होता: गाठ वाढेल तशी सूजही वाढेल.

इथे एक गोष्ट बाजूला सांगून टाकतो. याच जागी बिड्या ओढणारे साठीचे आजोबा असते आणि एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाच्या मुळाशी गाठ असती, तर हिशोब बदलला असता. त्यात स्मॉल सेल प्रकार निघाला तर केमो हाच उपाय, आणि चारांपैकी साधारण तिघांना एक-दोन आठवड्यांत आराम पडतो. नॉन-स्मॉल सेल निघाला तर औषधाला गाठ इतक्या लवकर ऐकत नाही. तिथे त्रास जास्त असेल तर आधी स्टेंट, मग किरणोपचार. स्टिरॉइडचा तिथे फारसा उपयोग नसतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही सर्रास दिल्या जातात, फायदा फारसा सिद्ध नाही, आणि रुग्ण कोरडा पडला तर गुठळीची भीती वाढते.

काय ठरलं, काय केलं

तिसरा पर्याय निवडला, पण मोकळा सोडला नाही. मित्राने वॉर्डातल्या फलकावर चार गोष्टी लिहिल्या: श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, चक्कर येऊन पडणं, ऑक्सिजन लावूनही ९० च्या खाली. यातली एक जरी दिसली तर तुकड्याची वाट पाहायची नाही, थेट स्टेंट. स्टेंटचं साहित्य आणि डॉक्टर त्याच इमारतीत होते. म्हणूनच थांबणं शक्य झालं. आमच्या तालुक्यात राहून हा निर्णय घेतला असता तर तो धाडस नव्हे, बेजबाबदारपणा ठरला असता. आठवडे मधूनमधून घेतलेलं स्टिरॉइड एकदम थांबवलं होतं, म्हणून बीपीवरही लक्ष होतं.

दुसरी सुई पुढच्या शुक्रवारी घ्यायची ठरली होती. सोमवारी सकाळी नर्सने सांगितलं, बाई हाक मारली की उशिरा ओ देतात. डॉक्टर धावले. सविता जागी होती, नाव-गाव बरोबर सांगत होती, रात्रभर झोप नाही म्हणून मलूल होती. फलकावरची गोष्ट घडली की नाही? यावर वाद झाला. एकाचं म्हणणं लगेच स्टेंट. मित्राने मधला रस्ता काढला: शुक्रवारची वाट नको, सुई आजच.

या वेळी डॉप्लरने गाठीत रक्तप्रवाह कुठे आहे ते आधी पाहिलं आणि मधला काळा भाग टाळून कडेच्या जिवंत भागातून पाच तुकडे घेतले. पॅथॉलॉजिस्ट खोलीतच होत्या. पहिल्या तुकड्याचा ठसा काचेवर उमटवून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि म्हणाल्या, "मोठ्या पेशी आहेत, जिवंत आहेत. पुरेल." एक तुकडा टीबीच्या तपासणीसाठीही गेला.

पुरेल, हा शब्द आल्यावर थांबायचं कारण उरलं नव्हतं. नेमकं नाव यायला अजून दिवस लागणार होते, पण त्याच संध्याकाळी प्रेडनिसोलोन, म्हणजे आता मुद्दाम स्टिरॉइडच, सुरू केलं. गाठ वेगाने विरघळली की रक्तात युरिक ॲसिड आणि पोटॅशियम वाढून मूत्रपिंड अडतं, म्हणून ॲलोप्युरिनॉल आणि पायातल्या सुईतून भरपूर सलाईन, आणि रोज रक्त तपासणी.

परिणाम

बुधवारी सकाळी ती पहिल्यांदा दोन उशांवर तीन तास झोपली. गुरुवारी तिने नवऱ्याला पोत ओढून दाखवली, बोट आत जात होतं. रिपोर्ट आला: छातीच्या मध्यभागातला मोठ्या बी-पेशींचा लिम्फोमा. तरुण बायकांत दिसणाराच प्रकार. टीबी नव्हता.

रितुक्सिमॅबसह आर-चॉप हा केमो ठरला, दर २१ दिवसांनी, सहा वेळा. आधी हृदयाचा इको आणि हिपॅटायटिस बीची तपासणी. पुढे मूल हवं असेल तर काय, हे तिच्याशी एकटीशी बोललो. पहिल्या फेरीचं औषध जांघेतल्या मोठ्या शिरेतून दिलं, कारण त्यातली दोन औषधं शिरेबाहेर गळली तर कातडी जळते आणि सुजलेल्या हातावर तो जुगार खेळायचा नव्हता. दुसऱ्या फेरीपर्यंत सूज पूर्ण उतरली होती, मग हातातून. महात्मा फुले योजनेत बराच खर्च बसला. येण्या-जाण्याचा आणि बुडालेल्या हंगामाचा कुठल्याच योजनेत बसत नाही. सहा फेऱ्यांनंतरच्या पेट स्कॅनमध्ये जागती गाठ उरली नव्हती, किरणोपचार टाळले. वर्षभरानंतरच्या तपासणीतही ठीक.

पुन्हा वेळ आली तर

सोमवारी संध्याकाळी, फोनवर हो म्हणण्याआधी, मी एक प्रश्न विचारला असता: पाय सुजलेत का? चेहरा सुजलेला आणि पाय कोरडे, एवढ्यानेच हात थांबला असता. ॲलर्जीची सूज तासाभरात येते, अंगावर गांधी असतात, खाज असते. आठवडे चाललेली, सकाळी जास्त, वाकल्यावर वाढणारी सूज ॲलर्जीची नसते. आता आमच्या कॅज्युअल्टीत अशा रुग्णाला स्टिरॉइड देण्याआधी छातीचा एक्स-रे काढतात. श्वासाला शिट्टी असेल तर मात्र आधी जीव, मग तुकडा, त्यात वाद नाही.

पहिली सुई घेण्याआधी तीन-चार दिवस थांबलो असतो आणि तेव्हाच डॉप्लर केलं असतं, तर कदाचित एकाच वेळी काम झालं असतं. मित्राला हे मान्य नाही. तो म्हणतो, पहिल्याच दिवशी प्रयत्न न करणं ही दुसरी चूक झाली असती. आम्ही यावर अजून भांडतो.

मी कारखान्याजवळच्या त्या डॉक्टरांना पत्र लिहिलं, दोष न देता, निदान आणि एक्स-रेचा फोटो जोडून. आठवड्याने त्यांचा फोन आला. त्यांना सविता आठवत होती. "तिसऱ्यांदा आली तेव्हाच एक्स-रे सांगितला होता," ते म्हणाले, "पण तालुक्याला जायचं म्हणजे एक दिवसाचा खाडा. ती म्हणाली, इंजेक्शनच द्या."

पुढच्या दिवाळीनंतर टोळी गेली. सविता गेली नाही. आधीच्या हंगामाची उचल फिटायची राहिली होती, म्हणून नवरा एकटाच गेला, अर्धा कोयता म्हणून.